‘खडी’ची ‘कडी’ होऊ नये म्हणून

मे महिन्यात बीड-लातूरकडच्या एखाद्या घरात ऐंशी वर्षांच्या माणसाला ‘पंखा बंद करा, तुमचं बोलणं रेकॉर्ड करायचंय’ असं सांगून पाहा. पंखा बंद होईलही, पण बोलणं पाच मिनिटांत आटपेल. म्हणून घरगुती रेकॉर्डिंगमध्ये पंखा असतोच. घर रस्त्यालगत असेल तर मोटारसायकली असतात, आणि मोबाइल लांब टेबलावर ठेवला असेल तर या सगळ्यावर एक बारीक ‘सूंऽऽ’ पसरलेली असते. खोलीत बसलेल्यांना यातलं फारसं काही जाणवत नाही. दोन कानांनी ऐकताना मेंदू समोरच्या माणसाकडे लक्ष ठेवतो आणि बाकीचं मागे सारतो. एका माइकने टिपलेला आवाज हेडफोनमधून ऐकताना ही सोय उरत नाही, आणि मग घरी येऊन ऐकणारा दचकतो.

असंच एक रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं होतं. भाच्याने मामांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलतं केलं होतं. रोजगाराच्या कामावर खडी फोडणं, सुकडीचं वाटप, मिलोच्या भाकरी, विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने भरलेलं पाणी. पाऊण तासाचं बोलणं, आणि डोक्यावर पंखा. भाच्याने इंटरनेटवरून ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उतरवून घेतला, त्यातली आवाज काढायची सोय शोधली आणि सगळे आकडे वरपर्यंत ओढले. पंखा गेला. पण मामा आता ‘कडी फोडायचो’ म्हणत होते.

त्या ‘ख’चं काय झालं हे कळलं, की आवाज कसा साफ करायचा आणि कुठे थांबायचं हे दोन्ही कळतं. पण आधी पंख्याचा आवाज कशाचा असतो ते पाहू.

छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सहाच्या आसपास. तीन पाती धरली तर सेकंदाला सतरा-अठरा वेळा एक पातं आपल्यावरून जातं. कान साधारण २० हर्ट्झच्या खालचं ऐकत नाही, त्यामुळे पात्यांची ही लय स्वतः सूर म्हणून ऐकू येत नाही. आपण ऐकतो ते दुसरंच. एक म्हणजे पात्यांनी ढवळलेल्या हवेचा फुसफुसाट, जो खालच्या सुरांपासून वरच्या सुरांपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. दुसरी म्हणजे मोटरची गुणगुण. भारतात वीज ५० हर्ट्झची असते, आणि दर आवर्तनात चुंबकाची ओढ दोनदा वाढते. त्यामुळे मोटर १०० हर्ट्झवर गुणगुणते. रेग्युलेटर विजेची लहर कापून वेग कमी करणारा इलेक्ट्रॉनिक प्रकारचा असेल, तर २००, ३००, ४०० हर्ट्झवरही रेघा उठतात आणि गुणगुणीची कुरकुर होते. अशा घरात पंखा दोनवर ठेवला तर वारा कमी होतो, पण मोटर जास्त बोलते. पंखा हळू केला म्हणजे रेकॉर्डिंग सुधारेलच असं नाही, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही.

हे सगळं डोळ्यांनी पाहता येतं. ऑडॅसिटीत फाईल उघडली की आवाजाची नेहमीची नागमोडी रेघ दिसते. ट्रॅकच्या नावाशेजारच्या मेनूतून Spectrogram निवडलं की तीच पट्टी रंगीत होते. आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष सुरांच्या उंचीचा, आणि जिथे आवाज मोठा तिथे रंग उजळ. मामांच्या रेकॉर्डिंगमध्ये तळाशी १०० हर्ट्झची एक सरळ रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेलेली होती. हवेचा फुसफुसाट आणि माइकची सूं मिळून सगळ्या चित्रावर एकसारखी धूसर झाक होती. अधूनमधून खालच्या भागात ढगासारखे डाग होते, ते बाहेरून गेलेले ट्रक. आणि मध्येच एकावर एक रचलेल्या आठ-दहा ठळक आडव्या रेघांचा छोटा जिना दिसे, तो हॉर्न. बोलणं या सगळ्यात वर-खाली वळणाऱ्या लाटांसारखं दिसत होतं. पाच मिनिटं हे चित्र पाहिलं की कोणता आवाज निघेल आणि कोणता निघणार नाही याचा निम्मा अंदाज येतो. जे चित्रात न बदलता पसरलेलं आहे ते निघेल, जे मध्येच येऊन जातं ते या पद्धतीने निघणार नाही.

पहिला हात खालच्या भागावर फिरवायचा. पुरुषाच्या आवाजाचा पायाचा सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ आणि बाईचा १६५ ते २५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो. त्याच्या खाली जे काही आहे ते ट्रकची गडगड, टेबलाला लागलेला धक्का, माइकवर आदळलेला वारा. High-Pass Filter हा खालचे सूर अडवून वरचे जाऊ देतो. मामांसाठी ८० हर्ट्झ ठेवला आणि उतार २४ डेसिबलचा घेतला. बाईचा आवाज असता तर १०० किंवा १२० पर्यंत जाता आलं असतं. आवाजाचा भारदस्तपणा जाईल अशी भीती लोकांना वाटते, पण जुन्या टेलिफोनची तार ३०० हर्ट्झच्या खालचं काहीच नेत नसे, तरी पलीकडून वडील बोलतायत की आई हे कधी चुकलं नाही. वरच्या सुरांवरून पायाचा सूर कान स्वतःच जुळवून घेतो.

विजेची गुणगुण फार ठळक असेल, विशेषतः चार्जर लावलेल्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं असेल, तर Notch Filter ने ती एकच रेघ कापता येते. ऑडॅसिटीत तो उघडला की आकडा ६० दिसतो, कारण अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे. आपल्याकडे तो बदलून ५० करायचा, मग पुन्हा १०० वर, लागलं तर १५० वर. Q चा आकडा १ वरून १० च्या आसपास न्यायचा, म्हणजे काप अरुंद पडतो आणि शेजारचं बोलणं वाचतं.

आता मुख्य हत्यार. Noise Reduction हे Effect मेनूत Noise Removal and Repair या गटात असतं, आणि ते दोन टप्प्यांत चालतं. आधी रेकॉर्डिंगमध्ये असा तुकडा शोधायचा जिथे कुणीच बोलत नाही, फक्त पंखा आहे. तो निवडून Get Noise Profile दाबायचं. मग सगळी पट्टी निवडून तोच डबा पुन्हा उघडायचा आणि आकडे ठरवून OK करायचं.

आत घडतं ते असं. प्रोग्रॅम आवाजाचे लहान लहान, सेकंदाच्या विसाव्या भागाइतके तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा सुरांच्या उंचीप्रमाणे हजारावर अरुंद पट्ट्यांत वाटतो. एकेक पट्टा जेमतेम एकवीस-बावीस हर्ट्झ रुंद. नमुन्यावरून त्याला कळतं, की नुसता पंखा असताना कोणत्या पट्ट्यात किती आवाज असतो. मग हजार दारांवर हजार पहारेकरी बसवावेत तसं होतं: ज्या पट्ट्यात नेहमीपेक्षा जास्त आवाज येतो तिथलं दार उघडं राहतं, आणि जिथे पंख्याइतकाच आवाज असतो तिथलं दार लोटलं जातं. किती लोटायचं ते Noise reduction चा डेसिबलमधला आकडा ठरवतो. संशय कितपत घ्यायचा ते Sensitivity ठरवते. Frequency smoothing ने शेजारच्या काही पट्ट्यांचा निर्णय एकमेकांत मिसळला जातो, म्हणजे एखादंच दार एकटं उघडझाप करत नाही.

या पद्धतीच्या दोन मर्यादा इथेच दडलेल्या आहेत, आणि दोन्ही कानाला कळतात.

पहिली अशी, की उघडलेल्या दारातून बोलण्याबरोबर पंखाही आत येतो. त्या पट्ट्यात त्या क्षणी जेवढा पंखा आहे तेवढा शब्दाला चिकटूनच राहतो. ३० डेसिबलनी कापलं तर शब्दांच्या मधल्या जागा ठार मुक्या होतात आणि प्रत्येक शब्द मात्र पंख्याचा एक लोट घेऊन उगवतो आणि त्याच्यासकट मावळतो. ऐकणाऱ्याला हे मूळ पंख्यापेक्षा जास्त खटकतं, कारण एकसारख्या आवाजाची सवय होते, उघडझापीची होत नाही. म्हणून ६ ते १२ डेसिबलच्या पलीकडे जायची गरज क्वचितच पडते. थोडा पंखा मागे राहू द्यावा. तो शब्दांमागेही असतो आणि मधल्या जागेतही, त्यामुळे सलग वाटतो.

दुसरी मर्यादा ‘खडी’ची. ‘क’ आणि ‘ख’ यांत जीभ एकाच ठिकाणी लागते. फरक आहे तो ‘ख’नंतर सुटणाऱ्या श्वासाचा. ‘ताट’ आणि ‘थाट’, ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘टोक’ आणि ‘ठोक’, सगळीकडे तेच. हा श्वास म्हणजे सेकंदाच्या काही शतांश भागापुरता, सगळ्या पट्ट्यांवर पसरलेला एक हलका फुसफुसाट असतो. त्याला सूर नाही, ठळक रेघ नाही. आकाराने तो पंख्याच्या वाऱ्याचा सख्खा भाऊ दिसतो. पहारेकऱ्याला जास्त संशयी केलं, म्हणजे Sensitivity चा आकडा चढवला, की तो हा श्वास पंखा समजून दाबून टाकतो, आणि मागे उरतो तो ‘क’. ‘स’ आणि ‘श’ यांचीही तीच गत. ‘स’ची मुख्य ताकद ४,००० हर्ट्झच्या वर असते, जिथे माइकची सूं बसलेली असते. वरचा भाग जास्त दाबला की ‘सुकडी’ तोंडात रुमाल धरून बोलल्यासारखी होते. मराठीत आणखी एक बारीक जागा आहे. ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चारा’मधला वेगळा. दुसऱ्याच्या शेवटी ‘स’सारखं शेपूट असतं. लिपीत दोन्ही एकच, कानात दोन, आणि हावरट सफाईत पुन्हा एकच. संदर्भावरून अर्थ लागतो हे खरं, पण ऐंशी वर्षांच्या माणसाचा श्वास आधीच कमी झालेला असतो. त्याच्या बोलण्यात गमावण्यासारखं फार उरलेलं नसतं.

म्हणून इंग्रजी भाषणं साफ करून दाखवणाऱ्या व्हिडिओंमधले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत असं मला वाटतं. इंग्रजीत ‘प’ आणि ‘फ’ला वेगळा श्वास देऊन शब्द बदलत नाही. आपल्याकडे बदलतो.

हे घडतंय का ते तपासायची एक फार चांगली सोय त्याच डब्यात आहे, आणि बहुतेक जण ती पाहतच नाहीत. तळाशी Reduce आणि Residue असे दोन पर्याय असतात. Residue निवडून Preview दाबलं की काढून टाकला जाणारा आवाज ऐकू येतो, म्हणजे साफ झालेला नाही, केराच्या टोपलीत चाललेला. त्यात नुसता पंखा ऐकू आला तर ठीक. त्यात मामांचे शब्द ओळखू यायला लागले, किंवा ‘ख’, ‘थ’, ‘स’ यांच्या जागी फुस-फुस असे ठिपके ऐकू आले, तर बोलणं कापलं जातंय. तपासायला रेकॉर्डिंगमधला असा तुकडा निवडावा ज्यात महाप्राण भरपूर आहेत. मामांचं ‘खडी फोडायला साठ-सत्तर बाया, त्यात फाटकी खणाची चोळी’ हे वाक्य त्यासाठी फारच कामाचं निघालं.

तिसरीही एक खूण आहे. जास्त कापलेल्या आवाजात पाण्याखालून आल्यासारखी टुण-टुण ऐकू येते, जणू शब्दांमागे बारीक घंट्या वाजतायत. वाऱ्याचा आवाज क्षणाक्षणाला थोडा कमी-जास्त होत असतो. एखाद्या पट्ट्यात तो नमुन्यापेक्षा चुकून मोठा झाला की ते एकच दार पळभर उघडतं आणि एक छोटा सूर बाहेर पडतो. असे शेकडो सूर सगळीकडे उमटले की टुण-टुण होते. गोंगाट वजा करण्याची ही कल्पना १९७९ मध्ये स्टीव्हन बोल यांनी त्यांच्या निबंधात मांडली, तेव्हापासून हा दोष तिच्या पाठीशी आहे. त्यावर Frequency smoothing वाढवणं हा उपाय. पण तो ६ च्या पुढे नेला की बोलणं पिठूळ होतं. मी तो ३ ते ६ मध्येच ठेवतो.

नमुना कुठून घ्यायचा हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. दोन सेकंदांचा तुकडा हवा, कारण पंखा थोडा जरी डुगडुगत असेल तर दर फेऱ्याला आवाज चढतो-उतरतो, आणि असे दहा-बारा फेरे नमुन्यात आले तरच सरासरी बरोबर निघते. त्यात श्वास, खुर्ची, बांगडी, लांबचा हॉर्न काही नको. पण सुरुवातीचा, मोबाइल चालू करून सगळे गप्प बसलेले असतानाचा लांब तुकडा हा मोह टाळावा. पुष्कळ मोबाइल शांतता लांबली की माइकची ताकद आपोआप वाढवतात आणि कुणी बोलायला लागलं की कमी करतात. त्या सुरुवातीच्या तुकड्यात पंखा खरा असतो त्यापेक्षा मोठा टिपलेला असतो. तो नमुना दिला तर प्रोग्रॅमला वाटतं पंखा केवढा तरी मोठा आहे, आणि तो बोलण्यावर तुटून पडतो. भाच्याने हेच केलं होतं. मामांनी दोन वाक्यांमध्ये तंबाखू मळायला घेतलेली जी उसंत होती, तिथल्या दोन सेकंदांचा नमुना जास्त प्रामाणिक होता.

आता प्रत्यक्ष आकडे. ऑडॅसिटीत Analyze मेनूत Contrast नावाची सोय आहे. एकदा बोलणं निवडायचं, एकदा नुसता पंखा, आणि दोन्हीत किती डेसिबलचं अंतर आहे ते ती सांगते. वेबवरचा मजकूर अपंगांना वापरता यावा यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत बोलण्यापेक्षा मागचा आवाज किमान २० डेसिबलनी खाली असावा असं म्हटलं आहे, आणि ही सोय त्या निकषावरच मोजते. मामांचं बोलणं उणे २४ च्या आसपास होतं आणि पंखा उणे ४०. अंतर १६, म्हणजे नापास. ८० हर्ट्झचा फिल्टर लावल्यावर ट्रक आणि वाऱ्याचे धक्के गेले, पंखा उणे ४४ ला आला. नुसत्या तेवढ्याने २० चं अंतर गाठलं, आणि यात एकही अक्षर दुखावलं नाही. मग Noise reduction ९, Sensitivity ५, Frequency smoothing ४. आता दोन शब्दांमधला पंखा उणे ५३ वर होता.

इथे आकड्याने फसू नये. Contrast ने २९ चं अंतर दाखवलं ते मधल्या जागांपुरतं. शब्द चालू असताना त्यांच्यामागे पंखा जवळपास पूर्वीइतकाच असतो. तो फक्त शब्दांनी झाकलेला असतो. म्हणून Noise reduction २० केला की आकडा सुंदर दिसतो, बोलणं समजायला मात्र काडीचीही मदत होत नाही. मामा काय म्हणाले हे कळावं, इतकंच हवं असेल तर खरं काम फिल्टरने आधीच केलेलं असतं. पुढच्या नऊ डेसिबलनी पाऊण तास ऐकताना डोकं दुखत नाही, एवढा फायदा होतो. तोही काही कमी नाही.

बोलणाऱ्याचा आवाज मोठा करायचा असेल तर तो यानंतर करावा, आधी नाही. Compressor लहान आवाज आणि मोठा आवाज यांतलं अंतर कमी करतो, म्हणजे पंख्याला बोलण्याच्या जवळ आणून बसवतो. आधी तो लावला तर पुढची सगळी मेहनत दुप्पट होते.

रेकॉर्डिंगच्या तिसाव्या मिनिटाला वीज गेली होती. पंखा मंदावत, सूर उतरत उतरत थांबला आणि पुढची काही मिनिटं मामा पंख्याविना बोलले. तिथे पंख्याचा नमुना लावायचा नसतो. नसलेला पंखा काढायच्या नादात तो फक्त श्वास काढतो. वीज परत आल्यावर व्होल्टेज बदललं होतं, पंख्याचा वेग वेगळा होता, म्हणून तिथून पुढे नवा नमुना घेतला. कुणी मध्येच रेग्युलेटर फिरवला तरी हेच करायचं: पट्टी तिथे तोडायची आणि दोन भाग दोन नमुन्यांनी साफ करायचे. पंखा मंदावतानाचे सेकंद तसेच सोडून द्यावेत. त्यांचा नमुना बनत नाही, कारण दर क्षणाला तो वेगळा आहे.

याच कारणाने रस्ता या पद्धतीला दाद देत नाही. लांबच्या हायवेची सलग घरघर पंख्यासारखीच वागते आणि निघते. पण दाराशी थांबलेली रिक्षा, वेग घेत निघालेली बुलेट, हॉर्न, हे सगळं दोन सेकंदात बदलतं. हॉर्न वाक्यांच्या मध्ये असेल तर तो तुकडा निवडून आवाज दहा-बारा डेसिबलनी उतरवावा. पुसून टाकू नये, कारण मध्येच खोली नाहीशी झाल्याचं लगेच कळतं. त्यापेक्षाही बरं म्हणजे, दुसरीकडचा नुसत्या पंख्याचा तेवढ्याच लांबीचा तुकडा उचलून तिथे चिकटवावा. हॉर्न शब्दावर पडला असेल, तर चित्रात त्या रेघा एकेक करून निवडून पुसता येतात. वेळ खूप जातो, आणि दोन-तीन रेघांनंतर शब्दही पातळ व्हायला लागतो. मी बहुधा तो हॉर्न राहू देतो. हॉर्नमुळे एखादा शब्द अडखळतो, पण ऐकणाऱ्याला तो हॉर्न आहे हे कळतं, आणि कान तो बाजूला काढतो.

रहदारीसाठी फुकटात मिळणारं वेगळ्या जातीचं साधन आहे ते आरएननॉइझ. जाँ-मार्क वालाँ यांनी २०१७ मध्ये ते पुढे आणलं, आणि ओबीएस स्टुडिओसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये ते आयतं बसवलेलं आहे. त्याला नमुना द्यावा लागत नाही. माणसाचं बोलणं कसं असतं हे त्याला असंख्य आवाजांवरून आधीच शिकवलेलं आहे, आणि जे बोलणं वाटत नाही ते ते दाबतं. बुलेट ते ऑडॅसिटीपेक्षा चांगली काढतं. पण ते फोनवरच्या संभाषणासाठी घडवलेलं आहे. मामांचं पुटपुटणं, मध्येच टाकलेला उसासा, गुणगुणलेली एखादी ओळ, मांडीवर मारलेली थाप, यातलं काय बोलणं आणि काय नाही हे ते स्वतःच ठरवतं. सभेचं भाषण असेल तर खुशाल वापरावं. आठवणींसाठी मी ते टाळतो.

ज्यांच्याकडे अशा पंचवीस-तीस फाईली पडून आहेत, त्यांना एकेक उघडत बसणं शक्य नसतं. त्यांच्यासाठी एफएफएमपेग हा फुकट प्रोग्रॅम एका ओळीत फिल्टर आणि सफाई दोन्ही करतो:

```
ffmpeg -i mama.m4a -af "highpass=f=80,afftdn=nr=9:nf=-45" mama.wav
```

यात `nr` म्हणजे किती डेसिबल कमी करायचे, आणि `nf` म्हणजे पंख्याची पातळी साधारण कुठे आहे. ती Contrast मध्ये मोजलेल्या आकड्याच्या जवळ ठेवायची. नमुना न घेता चालतं, म्हणून बोथटही आहे. आधी एक मिनिटाचा तुकडा ऐकून पाहावा आणि मगच बाकीच्यांना लावावं. निघालेली फाईल WAV ठेवावी, आणि मूळ फाईलला हात लावू नये. ती व्हॉट्सॲपवरून पाठवायची असेल तर साध्या ऑडिओऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. आवाज दाबून लहान करणाऱ्या पद्धती वरच्या सुरांतला बारीक तपशील आधी टाकून देतात, आणि ‘ख’चा श्वास नेमका तिथेच असतो.

भाच्याने दिवाळीत मामांना पुन्हा बसवलं. या वेळी मोबाइल मामांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि मामा हात हलवतील तसं कापड माइकवर खर्र-खर्र घासत राहिलं. तो आवाज शब्दांच्याच उंचीवर आणि दर वेळी वेगळा, त्यामुळे तो निघालाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने साध्या वायरच्या इअरफोनचा माइक सदऱ्याच्या वरच्या बटणाशी चिमट्याने लावला, तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि वायर गुंडी खालून घेतली. माइक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की बोलणं सहा डेसिबलनी वाढतं, पंखा आहे तेवढाच राहतो. आधी टेबल दोन-अडीच फुटांवर होतं. वीतभर म्हणजे जवळपास दोनदा निम्मं, दहा-बारा डेसिबलचा फायदा, आणि एकाही अक्षराला धक्का नाही. पंखा तीनवर चालू होता. या फाईलला ८० हर्ट्झचा फिल्टर आणि Noise reduction ६ एवढंच लागलं, आणि Residue मध्ये पंख्याशिवाय काही ऐकू आलं नाही.